तुर्दुकुन अकेंचं उठणं

सालकिनने तुर्दुकुन अकेंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते उठताना. त्याआधी दोन तास ते तिच्या समोरच बसलेले होते, पण बसलेले असताना ते माणूस आहेत की घरातली जुनी पेटी, हे नव्या माणसाला सांगणं कठीण होतं. दारासमोरच्या मानाच्या जागेवर मांडी घालून, डोक्यावर उंच पांढरी टोपी, अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट. पोटात मेंढीचा जवळजवळ मागचा अर्धा भाग, तळलेल्या कणकेच्या बोरसोकांची एक छोटी टेकडी आणि चहा इतका, की त्या संध्याकाळी नारिन नदीला पाणी कमी पडलं असावं.

जेवण संपलं. वडीलधाऱ्यांनी तळहात उघडून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवत "ओमीन" म्हटलं, आणि तेवढ्यात कुणीतरी अकेंच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा वाडगा दिला. तो वाडगा दोन्ही हातांत धरूनच अके उठले. जमिनीला काही गुपित सांगायचं असल्यासारखे थोडे पुढे झुकले आणि धुराड्यातून धूर निघावा तसे सरळ वर गेले. हात टेकला नाही, गुडघा टेकला नाही, कुणाचा खांदा धरला नाही. घडी घातलेले पाय वर जाता जाता आपोआप सुटले. वाडग्यातला एक थेंब हलला नाही. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांना आपण इतकी वर्षं नुसते बसूनच आहोत, याची त्या क्षणी लाज वाटली असणार.

सालकिन त्या दिवशीच काराबुलुन गावात रुजू झाली होती; तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने 'अके' म्हणतात. गावाच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती डॉक्टर, परिचारिका आणि सुईण अशी एकटीच तिन्ही होती. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"काय गं पोरी," अके म्हणाले, "शहरात उठायचं शिकवत नाहीत का?"

"शिकवतात अके, पण तिथे खुर्चीवरून उठतात."

"ते उठणं नव्हे, खाली उतरणं ते."

सगळा दिवाणखाना हसला. सालकिनने रक्तदाब तपासू का म्हणून विचारलं, तर अके म्हणाले, माझ्या घोडीचा तपास, चढावर तीच चालते.

पुढच्या वर्षी राजधानीतून एक कागद आला. चाळिशीपुढच्या सगळ्यांना जमिनीवर बसवायचं आणि उठवायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. वाटेत हात, गुडघा, कोपर किंवा पायाची बाजू टेकली की प्रत्येक वेळी एक गुण गेला, नुसता तोल गेला तर अर्धा. सालकिनने दवाखान्यात नमद्याचा गालिचा पसरला आणि सगळं गाव एकेक करून आपटलं. दुकानदाराला साडेपाच मिळाले, शाळेच्या मुख्याध्यापकांना चार, आणि गावचे सर्वांत मोठे वडीलधारे झापार अके बसले ते बसलेच, त्यांना चहा तिथेच द्यावा लागला. तुर्दुकुन अकेंना दहापैकी दहा.

त्यानंतरचं एक वर्ष गावाला फार जड गेलं. अकेंनी तो कागद चौकटीत घालून मेंढपाळीच्या पदकांशेजारी लावला. लग्न असो, मयत असो, कुणी विचारो न विचारो, ते सांगायचे, "दहापैकी दहा. राजधानीत नोंद आहे." त्यांची बायको बातमा म्हणायची, "उठण्याचे दहा असतील, पण सकाळी उठवायला मीच लागते. माझे गुण कोण देणार?"

बातमा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली.

चाळीस वर्षं दर मे महिन्यात ती दोघं मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर जायची. घोड्यावरून दीड दिवसाची वाट. तंबू उभारायचा, सप्टेंबरपर्यंत राहायचं. ती गेल्यानंतरचा उन्हाळा अकेंनी वर एकट्याने काढला. परतल्यावर मात्र मेंढ्या गोठ्यात गेल्या, त्यांची देखभाल पुतण्या कुबानने उचलली, आणि अके घरात बसले. कशावर बसले, हा मुद्दा आहे. मुलगा मिरबेक राजधानीत फर्निचरच्या दुकानात काम करायचा. वडिलांच्या सोयीसाठी त्याने एक टेबल आणि चार खुर्च्या पाठवल्या. अकेंनी पहिल्या आठवड्यात खुर्चीला वासरू बांधलं. दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर टोपी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः तिच्यावर बसले, आणि तिथून खिडकीतला बर्फ बघत त्यांचा सगळा हिवाळा गेला. एकट्या माणसासाठी जमिनीवर जेवणाचा दस्तरखान कोण अंथरणार? भाकरी आणि चहा टेबलावरच व्हायचा, आणि पुष्कळदा नुसता चहा.

मार्चमध्ये एका बारशाला सालकिनला ते दिसलं. आशीर्वाद झाला, "ओमीन" झालं, आणि अकेंच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन तरुणांनी रीतीप्रमाणे त्यांच्या दंडाखाली हात घालून त्यांना उठवलं. यात नवल काही नाही. वडीलधाऱ्या माणसाला असं उठवण्यात पुण्य आहे, तरुण त्यासाठी एकमेकांना कोपरं मारतात. पण सालकिनची नजर अकेंच्या पायांवर होती. पायांनी काहीच केलं नाही. अके आधी वर गेले, आणि पाय मागाहून, बोलावल्यावर आल्यासारखे आले.

ती घरी चालत निघाली तेव्हा तिने मागचे चार समारंभ आठवून पाहिले. चारही वेळा तरुण होते. या गावात माणसाचे पाय गेले तरी मान शाबूत असेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. आणि मे महिना दोन महिन्यांवर होता. कुरणावर तंबूत झोपायचं ते जमिनीवर. शेजारचा तंबू गेल्याच वर्षी पलीकडच्या खोऱ्यात हलला होता. तिथे अके रात्री पडले, तर त्यांना दंडाला धरून उठवायला मेंढ्या येणार होत्या का?

तिने त्यांना दवाखान्यात बोलावलं. अके आले आणि बाकावर बसले.

"खाली बसा ना अके, गालिच्यावर."

"आज विजार घट्ट आहे."

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा जेवण जास्त झालं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं तोवर एप्रिल उजाडला होता; म्हणाले, मंगळवारी मी मांडी घालत नाही. सालकिनने दाराला आतून कडी लावली. अकेंनी कडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपी काढून बाकावर ठेवली आणि खाली बसले. बसताना हात टेकला, मग बाजूवर कलले. उठताना हात, मग गुडघा, मग दुसरा हात, शेवटी दोन्ही हात मांडीवर रेटून ते उभे राहिले. कपाळावर घाम होता. बाहेर बर्फ वितळल्याचे थेंब पागोळीतून पडत होते, तेवढाच आवाज.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मुख्याध्यापकाएवढे?"

"तेवढेच."

हा घाव वर्मी बसला. सालकिनने गुडघे वाकवून पाहिले, सांध्यांवर हातोडी मारली, दोन्ही पायांची ताकद तोलली, छाती तपासली, जिल्ह्याला पाठवून रक्त तपासून घेतलं. कुठेच काही निघालं नाही. दोन्ही पाय सारखेच दुबळे झाले होते.

"आजार नाही अके," ती म्हणाली. "मांडीचे पुढचे स्नायू आणि बसायच्या जागेचे स्नायू, माणसाला जमिनीवरून उचलतात ते हे. खुर्चीवरून उठताना त्यांना अर्धंच काम पडतं. सहा महिने अर्धं काम आणि अर्धं जेवण, तर कोण टिकेल? घोटे आखडलेत, त्यामुळे वजन पावलांवर येत नाही. आणि वजन पावलांवर आलं नाही की तोल सांभाळायला हात धावतात."

"राजधानीच्या कागदावर लिहिलं होतं, कमी गुणवाले लवकर मरतात. मला मुख्याध्यापकाने वाचून दाखवलं. स्वतःचे चार विसरून वाचत होता गाढव."

"पुष्कळ लोकांची पाहणी केली, तेव्हा कमी गुण असलेल्यांत पुढच्या वर्षांत जास्त माणसं गेली, एवढं खरं. पण तो कागद गाडीतल्या तेलाच्या दिव्यासारखा आहे, फाशीची शिक्षा नाही. तेल कमी आहे एवढंच सांगतो. तेल घालता येतं."

"किती दिवसांत?"

"तीन महिने."

"मेंढ्या तीन आठवड्यांत निघतात."

आणि इथे सालकिनने ती चूक केली, जी तिला पुढे किती तरी दिवस सलत राहिली. तिने मिरबेकला फोन केला. तिच्या मनात एवढंच होतं, की या उन्हाळ्यात कुणीतरी वडिलांबरोबर वर जावं. मिरबेकने ऐकलं ते वेगळंच. तो तीन दिवसांत गाडी घेऊन हजर झाला, रडला, मेंढ्यांना गिऱ्हाईक शोधायला लागला आणि वडिलांसाठी राजधानीतली पाचव्या मजल्यावरची खोली रंगवून घेतोय म्हणाला.

"पाचव्या मजल्यावर मी काय राखू?" अके ओरडले. "कबुतरं?"

"बाबा, तुम्हाला जमिनीवरून उठता येत नाही!"

"कोण म्हणालं?"

मिरबेकने दाराकडे पाहिलं. दारात औषधाची पिशवी घेऊन सालकिन उभी होती. अकेंनी तिच्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, आणि ज्या माणसाने घोडीलाही कधी न बोलता सोडलं नाही, त्याचं ते गप्प राहणं सालकिनला शिव्यांपेक्षा जड गेलं.

शेवटी झापार अकेंनी तोड काढली. मेंढ्या वर निघायच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणे जेवण असतंच. त्या जेवणानंतर तुर्दुकुन सगळ्यांदेखत हात न टेकता उठला, तर वर जाईल. नाही उठला, तर मुलाचं ऐकेल. मिरबेकने मान हलवली. अके म्हणाले, "वाडगा पण द्या हातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या दारावर थाप पडली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," अके म्हणाले. "नुसतं शिकव."

सालकिनने दवाखान्यातल्या आणि स्वतःच्या घरातल्या सगळ्या गाद्या आणल्या. सात गाद्यांचा ढीग केला, अकेंना त्यावर मांडी घालून बसवलं आणि हात छातीवर घडी घालायला लावले. उंचावरून उठणं सोपं, म्हणून सुरुवात उंचावरून. सात गाद्यांवरून रोज दहा वेळा. जमलं की एक गादी काढायची. मधल्या वेळात भिंतीला धरून उकिडवं बसणं, घोटे ताणणं, एका पायावर उभं राहणं. आणि दोन वेळा पोटभर मांस, मसूर, दही.

"पुढे झुका, अके. नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं पाहिजे. वजन मागे राहिलं तर जमीन सोडणार नाही."

"चाळीस वर्षं उठलो, तेव्हा नाक कुठे आहे ते बघितलं नव्हतं."

"तेव्हा पाय बघून घेत होते. आता तुम्हाला बघावं लागेल. पोट आत, पाठ सरळ. पावलांच्या कडा जमिनीत रोवा आणि मांड्यांनी ढकला. श्वास कोंडू नका!"

"बातमासुद्धा एवढं ओरडायची नाही."

"ती असती तर मला ओरडावं लागलं नसतं."

अकेंनी नाक गुडघ्यांच्या पुढे नेलं. मग म्हणाले, "खरंय," आणि उठले. पाचवी गादी गेली.

चौथी दहाव्या दिवशी गेली, तिसरी पंधराव्या. अके बोलायला लागले, मग बढाया मारायला लागले, आणि सालकिनच्या काळजीने उचल खाल्ली. दोन गाद्यांवर गाडी अडली. मन कितीही घाई करो, स्नायू आपल्या हिशेबानेच वाढतात, हे तिला माहीत होतं. जेवणाच्या आदल्या सकाळी एका गादीवरून ते दहापैकी तीनदा उठले. नुसत्या गालिच्यावरून एकदा, आणि तेही भिंत डगमगली की अके, हे सांगता येऊ नये असे.

"एकदा जमलं ना," अके म्हणाले. "मला एकदाच उठायचंय."

जेवणाला सगळं गाव होतं. मिरबेकच्या चारही खुर्च्या अंगणात होत्या, त्यांच्यावर कोंबड्या. आत जमिनीवर लांब दस्तरखान, त्यावर कडेपर्यंत बोरसोक पसरलेले. अके मानाच्या जागेवर, एका बाजूला कुबान, दुसऱ्या बाजूला शेजारचा एक दांडगा तरुण. सालकिन समोर बायकांच्या ओळीत.

झापार अकेंनी तळहात उघडले. मेंढ्या जाड होवोत, लांडगे बारीक होवोत, वाटेत पूल शाबूत असोत. ओमीन. कुणीतरी अकेंच्या हातात भरलेला वाडगा दिला. अके पुढे झुकले, आणि त्याच क्षणी कुबान आणि तो दांडगा तरुण, आजन्म सवयीने, डोक्याला विचार शिवण्याआधीच, त्यांच्या दंडाखाली हात घालून मोकळे झाले. अके वर गेले.

"उठले!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. झापार अके म्हणाले, "झालं तर मग." मिरबेकने डोळे पुसले; सालकिनला दिसलं, की वडील उठावेत हेच त्यालाही हवं होतं. वाडग्यातला चहासुद्धा सांडला नव्हता. खोलीतल्या कुणालाच काही खटकलं नव्हतं, कारण वडीलधारा माणूस उठतो तो असाच उठतो.

अकेंना त्यांच्या पायांनी उचललं नव्हतं, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. अकेंनी वाडग्यावरून सालकिनकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती तर सकाळी मेंढ्या निघाल्या असत्या. तिच्या डोळ्यांपुढे तंबू आला, तंबूतली जमीन आली, आणि चार महिने कुणी न येणारं दार.

"अके," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला, "पुन्हा एकदा. कुणी हात न लावता."

मानाच्या जागेवरच्या माणसाला असं कुणी बोलत नाही. झापार अकेंची भुवई टोपीत गेली. एक बाई पुटपुटली, "शिकलेल्या पोरी!" कुबानला आता कळलं आणि त्याने आपले हात असे पाठीमागे नेले, जणू ते चोरीचे होते.

"बरोबर आहे तिचं," अके म्हणाले. त्यांनी वाडगा खाली ठेवला. "सरका रे दोघं."

ते पुन्हा बसले. नाक गुडघ्यांच्या पुढे. पाठ सरळ. पावलांच्या कडा रोवल्या गेल्या. सालकिनने स्वतःच्या मांड्या आवळल्या, जणू तिची ताकद दस्तरखान ओलांडून जाणार होती. अकेंचं बूड जमिनीवरून सुटलं. वीतभर वर. मांड्या थरथरल्या, पण धरून होत्या. अजून थोडं पुढे, तिनेच शिकवल्याप्रमाणे अजून थोडं पुढे, आणि तोल पुढेच गेला. दवाखान्यात पुढे मोकळा गालिचा असायचा. इथे दस्तरखान होता. अकेंचा उजवा हात धावला आणि पसरलेल्या बोरसोकांवर, सगळ्या अंगाच्या भाराने, उपडा पडला.

अन्नावर हात टेकून उठणं या गावात कुणी लहानपणीही करत नाही.

अके मागे बसले. चिरडलेला एक बोरसोक त्यांनी तळहातावरून सोडवला, कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"लिही पोरी," ते म्हणाले. "या वेळचे शून्य."

"अके, शून्य नाही, तुम्ही वर—"

"लिही म्हणतो ना. राजधानीत नोंद राहू दे." मग मिरबेककडे वळून, "पाचव्या मजल्यावर मी येणार नाही. पण वरही जाणार नाही, मेंढ्यांचं तू ठरव. शब्द दिलाय." आणि कुबानला म्हणाले, "बघतोस काय? आता उठव मला."

दुसऱ्या दिवशी मेंढ्या दुसऱ्याच्या कळपाबरोबर वर गेल्या. सकाळी सात वाजता दवाखान्याच्या दारावर थाप पडली, आणि त्यानंतर सबंध उन्हाळा पडत राहिली. ऑगस्टमध्ये शेवटची गादी गेली. ऑक्टोबरच्या एका सोमवारी तुर्दुकुन अके दवाखान्यातल्या गालिच्यावर मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले. किंचित डुलले म्हणून सालकिनने अर्धा गुण कापला. साडेनऊ. दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. कुरणावर गुडघाभर बर्फ पडला होता, आणि मेंढ्या खाली येताच मिरबेकने त्या विकल्या, त्याला दहा दिवस होऊन गेले होते.